खत कोणी घातलं?

रोपवाटिकेच्या काउंटरवर बसणाऱ्या काकूंच्या नाकावर राग असायचा, आणि तो त्यांना शोभायचाही. गिऱ्हाइकं त्यांना भ्यायची आणि तरी त्यांच्याकडेच यायची. पूर्वी त्या आत, शेडखाली, कुंड्या भरायचं काम करायच्या. दिवसभर उकिडवं बसून माती कालवायची, रोपं लावायची, हारीनं मांडायची. पुढे गुडघ्यांनी संप पुकारला. उठताना ‘आई गं’ आणि बसताना ‘आई गं’, मधे काम किती होणार? मालक भला माणूस. त्यानं त्यांना काढलं नाही, उलट एक खुर्ची दिली, एक फोन दिला आणि सांगितलं, "काकू, लोक झाडांचे फोटो पाठवतात. त्यांना उत्तरं द्या. फक्त जरा गोड बोला."

गोड बोलायचं काही जमलं नाही, पण उत्तरं अशी चोख द्यायच्या की गावभर बोलबाला झाला. पान पिवळं पडलंय, कळी गळतेय, खोडावर पांढरं काहीतरी चिकटलंय, सगळे काकूंना फोटो पाठवायचे. काकू चष्मा कपाळावर ढकलायच्या, फोन नाकाजवळ धरायच्या आणि दोन बोटांनी फोटो ताणून ताणून बघायच्या. मग फोन करून गिऱ्हाइकाला फैलावर घ्यायच्या. लिहून उत्तर द्यायचा त्यांना भारी कंटाळा. लिहिलेल्या शब्दात ओरडता येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

एवढ्या वर्षांत त्यांना एक गोष्ट पक्की कळली होती. माणसं बाकी कशाबद्दल खरं बोलतील, खताबद्दल बोलणार नाहीत. मूठभर ओतलेलं असलं तरी "अगदी चिमूटभर हो!" आणि चिमूटभर घातलेलं असलं तरी "छे, आम्ही खताला हातच लावत नाही." का खोटं बोलतात कोण जाणे. झाडाला जास्त खायला घालणं हा काय गुन्हा आहे? पण विचारलं की चेहरे असे करतात, जणू पोलीस दारात उभा आहे. त्यामुळे पानाच्या कडा करपलेल्या दिसल्या की काकू आधीच गृहीत धरायच्या, समोरचा थापा मारणार.

करपलेल्या कडांचं दुखणं तसं फसवं. झाड तहानलं, तरी कडा तपकिरी होऊन कुरकुरतात आणि झाड मान टाकतं. पाणी जड असेल, त्यातला क्षार वर्षानुवर्षं कुंडीत साठत गेला असेल, तरी पानांच्या टोकांपासून तसंच करपत येतं. आणि खत जास्त झालं, तरी तेच. फोटोत तिन्ही दुखण्यांचा चेहरा एकसारखा. नुसतं पान बघून छातीठोक सांगणाऱ्याला काकू बावळट म्हणायच्या. त्यांचे प्रश्न ठरलेले होते. माती कोरडी की ओली? कुंडी उचलून बघा, हलकी लागते की जड? माती कुंडीच्या कडेपासून सुटलीय का? काठावर पांढरा थर धरलाय का? आधी जुनी पानं गेली की नवी-जुनी एकदमच? हळूहळू झालं की बघता बघता? तहानलेली कुंडी पिसासारखी हलकी लागते, पाणी दिलं की झाड संध्याकाळपर्यंत डोकं वर काढतं. क्षाराचं दुखणं महिनोन्महिने रेंगाळत येतं आणि जुन्या पानांपासून सुरू होतं. खताचं मात्र झटक्यात होतं. आणि त्यात सगळ्यात वाईट गोष्ट अशी, की माती चांगली ओली असते आणि झाड तरी सुकत असतं.

हे असं का, ते काकू गिऱ्हाइकांना एका वाक्यात सांगायच्या. "अहो, खत म्हणजे एक प्रकारचं मीठच. मुळांभोवती मिठाचं पाणी केलंत, तर मुळांना ते पिता येईल का? उलट त्यांच्यातलंच पाणी बाहेर ओढलं जातं!"

तर असंच एकदा एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्या आजोबांचा फोटो आला. कुंडीतला अनंत. पानांच्या कडा चहात बुडवून काढल्यासारख्या तपकिरी, आणि फांद्या खांदे पाडून उभ्या. खाली एवढंच लिहिलेलं, ‘कृपया मार्गदर्शन करावे.’

काकूंनी फोन लावला. आजोबांचा आवाज मऊ, शब्द मोजून बोलणारा. बायको इस्पितळात होती. मोठं ऑपरेशन झालं होतं, त्यात पुन्हा ताप येऊन मुक्काम लांबला होता. अनंत तिचा. जाताना घरातलं बाकी काही सांगितलं नाही तिनं, दूध नाही, गॅस नाही. म्हणाली, ‘माझं झाड तेवढं सांभाळा, कळ्या धरल्यात.’

"माती ओली आहे का?" काकूंनी विचारलं.

"बोट घालून बघतो रोज. ओलसर आहे."

"कुंडी जड?"

"जड आहे."

"आणि तरी झाड सुकतंय. खत किती घातलंत?"

"घातलं नाही."

"थोडंसं? चिमूटभर?"

"मुळीच नाही."

काकूंचा पारा चढला. "आजोबा, माझे केस काय उन्हात पांढरे झालेत का? पान मला सांगतंय खत झालंय म्हणून. माझ्याशी खोटं बोललात तर झाडाला औषध काय देऊ? सगळे असंच म्हणतात, नाही घातलं, नाही घातलं!"

मग आजोबा म्हणाले, "मी खोटं बोलत नाही हो. तसदीबद्दल क्षमा करा." आणि फोन ठेवला.

दुसरा कोणी असता तर भांडला असता, मालकाकडे तक्रार केली असती. भांडणाऱ्याचं काकूंना काही वाटायचं नाही, चार शब्द इकडून, चार तिकडून, की मामला मिटला. पण हा माणूस क्षमा मागून गेला, आणि ते काकूंच्या मनाला लागून राहिलं. घरी जेवताना त्यांनी नवऱ्याला सांगितलं. नवरा शांतपणे घास चावत राहिला आणि मग म्हणाला, "खत मोजून घाला म्हणून जगाला सांगतेस. तुझ्या तोंडाला आहे का काही माप?"

"तुम्ही गप्प बसा," काकू म्हणाल्या. पण त्यांचं जेवणातलं लक्ष उडालं ते उडालंच.

सकाळी त्यांनी स्वतःहून फोन केला. सॉरी वगैरे म्हणायची सवय नव्हती, त्यामुळे एकदम मुद्द्यावर आल्या. "आधीचे फोटो आहेत का तुमच्याकडे झाडाचे? असतील तर सगळे पाठवा."

होते. भरपूर होते. आजोबा रोज सकाळी झाडाचा फोटो काढून बायकोला पाठवायचे. ती खाटेवर पडल्या पडल्या बघायची आणि परिचारिकांना दाखवायची. कडा करपायला लागल्या तसे त्यांनी पाठवणं थांबवलं होतं, काढणं मात्र चालूच होतं. आता ती रोज विचारत होती, आज फोटो का नाही? आणि हे म्हणत होते, आज नाही पाठवत.

"अहो मग जुना हिरवा फोटो पाठवून द्या ना," काकू म्हणाल्या. "तिला काय कळणार आहे? आजारी माणसाला तेवढंच बरं वाटेल."

"ते खोटं होईल," आजोबा म्हणाले.

जुना फोटो पाठवण्याइतकं साधं खोटं ज्याला जमत नाही, तो खताबद्दल कशाला थापा मारेल? आणि तरी पान तर खताचंच बोलत होतं. माणूस खरा आणि पानही खरं, असं कसं होईल? काउंटरवर गिऱ्हाइकं उभी होती, ती ताटकळली. काकूंनी फोटो ओळीनं लावले आणि एकेक ताणून बघायला घेतले.

पहिल्या फोटोंत अनंत कसा तरतरीत होता. चकचकीत पानं, टोकांना हिरव्या गुंडाळलेल्या कळ्या, मातीवर काही नाही. मग एका फोटोत खोडापाशी काहीतरी बारीक निळं. काकूंनी फोटो इतका ताणला की नुसते चौकोन दिसायला लागले, मग जरा मागे आल्या. दाणे होते. रासायनिक खताचे निळे दाणे, त्या काउंटरवर बसून हजारदा विकलेले. पुढच्या फोटोत दाणे विरघळलेले, पण मातीवर आता काळपट भुगा, पेंडीसारखा. त्यानंतर कडा करपायला सुरुवात, नव्या पानांच्या आणि जुन्या पानांच्याही एकदम. मग पुन्हा निळे दाणे.

"खत तर घातलंय!" काकू मोठ्यानं म्हणाल्या. समोरची गिऱ्हाईक बाई दचकून म्हणाली, "मी नाही हो घातलं."

दुपारी काकूंनी मालकाकडे सुट्टी मागितली आणि दुखऱ्या गुडघ्यांनी आजोबांचा जिना चढल्या. घर छोटं, नेटकं. खिडकीशी घड्याळं दुरुस्त करायचं टेबल, त्यावर भिंग, चिमटे, आणि काचेखाली झाकून ठेवलेलं उघडं यंत्र. स्वयंपाकघरात आजोबांची मेहुणी, म्हणजे बायकोची धाकटी बहीण, डबा रिकामा करत होती. शेजारीण आमटीचं भांडं घेऊन आली होती. भांडी घासणाऱ्या मावशी नळाशी होत्या. बाई घरात नाही म्हणून सगळ्यांनी मिळून या एकट्या माणसाला सांभाळायला घेतलं होतं.

काकू सरळ गॅलरीत गेल्या. कुंडीला हात घातला. जड होती, हलेना. बोट मातीत घातलं, वास घेतला. कुजल्याचा वास नव्हता, म्हणजे मुळं सडलेली नव्हती. देवाची कृपा. काठावर पांढरट पूड बसलेली.

"पाणी कसं देता?" त्यांनी विचारलं.

आजोबांनी एक कप दाखवला. "रोज सकाळी एक कप. मापानं."

"खालून निघतं का बाहेर?"

"नाही. सांडू नये म्हणूनच कप."

मग काय, जे पडेल ते सगळं आत. बाहेर जायला वाटच नाही. काकूंनी वर्तमानपत्र पसरलं, चमच्यानं मातीचा वरचा थर खरवडून त्यावर काढला आणि बोटानं चिवडला. निळ्या दाण्यांचे अर्धवट विरघळलेले तुकडे. पेंडीचा भुगा. आणि आणखी काही पांढरे मणी, ते वेगळंच खत. तीन तऱ्हेची खतं, एका कुंडीत. आजोबांना ते सगळं मातीतलंच वाटलं होतं.

"या इकडे सगळ्या," काकू गरजल्या. "हे कोणाचं?"

मेहुणीनं डोकावून पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. "निळं माझं," ती म्हणाली. "ताई यायच्या आत फुलं यायला हवीत असं वाटलं. एक चमचा घातला. मग फुलं येईनात म्हणून आणखी एक."

शेजारणीनं आमटीचं भांडं खाली ठेवलं. "पांढरं मी. आमच्या गुलाबाला घालते तेच. मला वाटलं, बिचाऱ्यांना खताचं काय कळणार? ते खाली दूध आणायला गेले की मी पटकन…"

मावशींचा हात फेसानं भरलेला होता. तो तसाच पदराला पुसत त्या म्हणाल्या, "पेंड माझी. बाईंनी माझ्या मुलीला बाळंतपणात किती खाऊपिऊ घातलं. म्हटलं, त्यांच्या झाडाला तरी…" आणि त्यांना रडूच आलं.

काकू ओरडायला तोंड उघडून उभ्या होत्या, आणि तोंड तसंच मिटलं. कोणाला ओरडायचं? जिचा तिचा जीव त्या आजारी बाईत अडकलेला. तिच्यासाठी दुसरं काही करता येत नव्हतं, म्हणून तिच्या झाडाला भरवत होत्या. चोरून, एकमेकींना न सांगता, प्रत्येकीचं थोडंसंच.

आजोबा दाराशी उभे होते. एका अक्षरानंही म्हणाले नाहीत की बघा, मी सांगत होतो.

"आजोबा," काकू म्हणाल्या. पुढचे शब्द काढताना त्यांना गुडघ्यांपेक्षा जास्त त्रास झाला. "मी तुम्हाला खोटं ठरवलं. माझं चुकलं."

"झाडाचं बघा आधी," ते म्हणाले.

मग चौघींनी मिळून कुंडी न्हाणीघरात ओढत नेली. काकूंनी खालची बशी फेकून दिली, तळाची भोकं काडीनं मोकळी केली आणि नळी लावून साधं पाणी सोडलं. हळूहळू, मातीला खड्डा पडू न देता. खालून चहासारखं पाणी आलं. वाहू दिलं. थांबल्या, निथळू दिलं, पुन्हा सोडलं. असं कितीदा तरी केलं, शेवटी खालून येणारं पाणी स्वच्छ दिसायला लागलं. शेजारीण म्हणाली, "एवढं पाणी? सडेल ना झाड!" काकू म्हणाल्या, "साचलं तर सडेल. वाहून गेलं तर धुऊन निघेल. आत साचलेलं खत बाहेर न्यायला पाण्याशिवाय दुसरं कोणी येणार नाही." मग कुंडी दोन विटांवर ठेवली, सावलीत. आणि हुकूम सोडला. आता वरची माती सुकल्याशिवाय पाणी नाही, दिलं की खालून निघेपर्यंत द्यायचं. खत तर नाहीच. टॉनिक नाही, पेंड नाही, ताक नाही, अंड्याची टरफलं नाहीत, काही नाही. करपलेलं पान पुन्हा हिरवं होत नसतं, त्याची वाट बघू नका. कोणी कुंडीला हात लावला तर गाठ माझ्याशी आहे.

"पण जगेल ना?" मेहुणीनं विचारलं.

"मला काय ठाऊक?" काकू म्हणाल्या. खरं तेच होतं.

पुढचे दिवस वाईट गेले. आजोबा रोज फोटो पाठवायचे आणि झाड रोज आणखी ओकंबोकं दिसायचं. कळ्या आधीच गळल्या होत्या, मग करपलेली पानं एकेक करून खाली आली. काकू घरी स्वयंपाक करता करता फोन उघडायच्या. नवरा विचारायचा, "कसं आहे तुझं पेशंट?" आणि या फोन त्याच्यापुढे धरायच्या. एकदा त्यांनी आजोबांना फांदी नखानं हलकेच खरवडायला सांगितली. आतून हिरवं निघालं. तेवढ्यावर काकूंचा जीव भांड्यात पडला, पण आजोबांना त्यांनी तसं कळू दिलं नाही. उगाच आशा लावायची आणि मग झाड गेलं तर? तिकडे इस्पितळात बायको फोटो मागत होती आणि हे म्हणत होते, घरी आलीस की बघ. त्यांची घालमेल आवाजात ऐकू यायची. तिनं एकच गोष्ट सांभाळायला दिली होती, आणि तिला दाखवायला त्यांच्याकडे काड्या होत्या.

अखेर एक दिवस आजोबांचा फोन आला. "ती घरी येतेय उद्या. तुम्ही याल का? मला एकट्याला तिच्यासमोर उभं राहायला धीर होत नाही."

काकू गेल्या. मेहुणी, शेजारीण, मावशी, सगळ्या आधीच जमलेल्या. दार उघडलं आणि बाई आत आल्या. वाळून गेलेल्या, नवऱ्याच्या दंडाचा आधार घेतलेल्या, पण डोळे तल्लख. पाणी नको म्हणाल्या, पलंग नको म्हणाल्या. सरळ गॅलरीत.

अनंत तिथे होता. बोडक्या फांद्या, दोन-चार अर्धवट पानं. वरच्या एका पेरापाशी गव्हाच्या दाण्याएवढं काहीतरी हिरवं होतं, पण ते दिसायला काकूंचे डोळे हवेत. बाईंनी कठड्याला धरलं आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग वाकल्या. आजारी माणसाला वाकू कसं द्यायचं, म्हणून मेहुणी पुढे झाली, पण त्यांनी हातानं थांबवलं. फांदीला लागून राहिलेल्या एका पानाची करपलेली कड त्यांनी चुरडली.

"खत घातलंय कोणीतरी," त्या म्हणाल्या. "मरणाचं घातलंय. कोणी घातलं?"

मेहुणी जमिनीकडे बघायला लागली. शेजारणीनं ओठ घट्ट मिटले. मावशींच्या डोळ्यांत पाणी तरारलं. काकूंना वाटलं, आता आजोबा सांगणार. त्यांना दुसरं येतंच नाही. आणि या तिघी बायका, ज्या रोज डबे घेऊन जिना चढल्या, त्या या आजारी बाईच्या मनातून उतरणार.

आजोबांनी घसा साफ केला.

"मी," ते म्हणाले. "मी घातलं."

बाईंनी मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. त्याचे कान लाल झालेले, हात एकमेकांत गुंतलेले, आयुष्यात पहिल्यांदाच चोरी करून पकडला गेल्यासारखा उभा. मग त्यांनी त्या तिघींच्या खाली गेलेल्या माना पाहिल्या, एकेक करून. सगळं समजलं त्यांना, न समजायला काय झालं?

"बरं," त्या म्हणाल्या. "पुन्हा घालू नका."

आणि पुढे होऊन त्यांनी त्याचा हात धरला.